देव्हाऱ्यातला नकार

धर्मानं काय करून ठेवलं ते ऐकून गोडदेवातल्या बायका आधी हसल्या, मग रंभाबायच्या तोंडाकडे बघून पदराआड गेल्या. नवरा गेल्यावर दोन खंडी भाताची शेती आणि अख्खं घर जिनं एकटीनं ओढलं, तिच्या घरात असा प्रकार व्हावा, आणि तोही सख्ख्या दिराच्या हातून.

"तीन महिने," रंभाबाय ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत होती, "तीन महिने मी सकाळी आंघोल करून त्या कागदावर फूल वाहते हाय. जास्वंद वाहिली, चाफा वाहिला. संकष्टीला दुर्वा पन वाहिल्या. आनि कागदात काय, तर तुला एक पै मिलनार न्हाय. ह्या मानसाला काय म्हनायचं सांगा. शिव्या पन कमी पडतात."

धर्मा खांबाला टेकून बसला होता. पाय पुढे पसरलेले, घोट्यापर्यंत फडकी गुंडाळलेली. मिठागरात वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात उभं राहून तळव्यांना भेगा पडल्या होत्या, भेगांच्या जखमा झाल्या होत्या, आणि त्या काही केल्या भरत नव्हत्या. भाईंदर पश्चिमेच्या डॉक्टरनं पौषात स्पष्ट सांगितलं होतं, खाऱ्या पाण्यात पुन्हा उतरलास तर डावा पाय कापावा लागेल. तेव्हा कुठे धर्मानं हंगामाच्या मध्यातच राजीनामा दिला होता.

"मालकाचा कागद व्हता वैनी," तो हळू आवाजात म्हणाला. "मालकाचा कागद आपन खाली ठेवतो का कवा?"

ते मात्र खरं होतं. त्या घरात तशी रीतच होती. सासऱ्याच्या वेळी शेतसाऱ्याची पावती आली की देव्हाऱ्यात, भात विकल्याची चिठ्ठी आली की देव्हाऱ्यात. वाचता कुणालाच येत नव्हतं, मग कागद सांभाळायचा तो देवानंच. धर्मानं मिठागराच्या शेठकडून आलेलं पाकीट घेतलं, डोळ्यांना लावलं, हळदकुंकू वाहिलं आणि खंडोबाच्या टाकामागे उभं केलं. शेठनं काम सोडल्यावरचे पैसे मंजूर केले असणार, हंगाम संपला की बोलावतील, अशी त्याची पक्की समजूत. वहिनीला त्यानं एवढंच सांगितलं होतं, मालकाचा कागद आलाय, शुभ हाय.

आणि अक्षय तृतीया तोंडावर आली म्हणून सुगंधा, रंभाबायची सून, चिंचेनं देव घासायला बसली. सुगंधा रत्नागिरीकडची, सात यत्ता शिकलेली. टाकामागचं पाकीट ओलं होऊ नये म्हणून तिनं बाजूला काढलं, सहज उघडलं, वाचलं, आणि तशीच चिंचेच्या हातांनी बाहेर आली.

"आई, हे पैसे द्यायचं पत्र नाही हो. हे नाही म्हणायचं पत्र आहे."

रंभाबायनं तिच्याकडून ते दोनदा वाचून घेतलं. ओट्यावर बसून चारचौघींसमोर तोंडसुख घेतलं, मग पायात चपला सरकवल्या आणि युनियनच्या महिपतला गाठायला थेट स्टेशनाकडे निघाली. धर्माला आणखी काय बोलायचं ते वाटेत ठरवू, असं तिनं मनाशी म्हटलं.

*

महिपत मिठागर कामगारांच्या युनियनचं काम बघायचा. राजीनाम्याच्या आठवड्यातच त्यानं धर्माचा ग्रॅच्युइटीचा अर्ज भरून शेठच्या कचेरीत दिला होता आणि पोच घेतली होती. पुढे त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला आणि तो रायगडात गावी अडकून पडला, तो नुकता परत आला होता. युनियनची कचेरी म्हणजे धान्याच्या दुकानाच्या माळ्यावरची खोली. रंभाबाय जिना चढून आली ती धापा टाकत, पण बोलायला दम तिला पुरेसा होता.

"तू गेलास गावाला आनि आमचा येडा देवाला लागला."

महिपतनं पत्र वाचलं. वाचता वाचता तो खुर्चीत पुढे सरकला. मग उठून उभाच राहिला.

"काकू, हे कुणी लिवलंय माहितीये? शेठच्या लवू मुनीमनं. असलं अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही. बघा कसं वळणदार."

"अक्षर चाटू का मी?"

"ऐका तर. नाकारताना कारण लेखी द्यावं लागतं, कायदाच आहे तसा. नुसतं एका ओळीत द्यायचं तर यानं निबंध लिवलाय. 'गेले सोळा हंगाम एकही न चुकवता आमचे आगरात आमचे मीठ खाऊन, सतराव्या हंगामात ऐन भरात आपण आपखुषीने काम सोडून गेलात. सबब, आगराचे रिवाजाप्रमाणे आपखुषीने सोडून जाणारास काहीही देणे लागत नाही.'"

"मीठ धर्मानं खाल्लं? की त्यांनी याच्या पायांचं खाल्लं?" रंभाबाय म्हणाली. "वाच पुढं."

"पुढचं जाऊ द्या. यातच सगळं आलं. कायद्यात राजीनामा दिलेल्यालाही ग्रॅच्युइटी मिळते. पाच वर्षं झालेली असली म्हणजे झालं. रिवाज-बिवाज चालत नाही. आता हे पत्र जोडून ठाण्याच्या साहेबांकडे अर्ज करायचा. ग्रॅच्युइटीचे नेमलेले अधिकारी आहेत तिथे." आणि मग त्याचं लक्ष तारखेकडे गेलं. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर उलटं चाळलं, बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले. "काकू, नव्वद दिवसांत जायला लागतो अर्ज. ते परवा भरतात, आणि परवा रविवार. हातात उद्याचाच दिवस आहे."

"आनि रविवार गेला का?"

"मग उशीर का झाला ते पटवावं लागेल. पटण्यासारखं कारण असेल तर साहेब माफ करू शकतात. पण कारण काय लिहू? पत्र देव्हाऱ्यात होतं, रोज पूजा करत होतो, असं लिहू?"

रंभाबाय पदर खोचून म्हणाली, "कागद काढ. आत्ता लिव. उद्या पहिल्या एस्टीनं ठाण्याला."

महिपतनं कार्बन घालून अर्ज लिहिला. एक प्रत साहेबांना, एक शेठला पाठवायला, एक आपल्याकडे. कामाला लागल्याचं साल, शेवटची मजुरी रोजची सहा रुपये, राजीनाम्याची तारीख, आधी शेठला दिलेला अर्ज, त्याचा नकार. नकाराच्या पत्राच्या नकला त्यानं वेगळ्या लिहून काढल्या आणि मूळ पत्र साहेबांच्या प्रतीला टाचणीनं लावलं. पत्रावर कुंकवाचा एक मोठा ठिपका होता आणि वाळलेल्या चाफ्याचा तपकिरी डाग.

"ते पुसता येतंय का बघ," रंभाबाय म्हणाली.

"नको. खाडाखोड वाटेल."

*

खरी लढाई घरीच झाली. धर्मा यायला तयार होईना.

"मालकावर फिर्याद? माझ्या हातून व्हनार न्हाय वैनी. भरतीचं पानी घरात शिरलं तवा शेठनी चार गोन्या तांदूल पाठवलेला. इसरलीस?"

"न्हाय इसरले. त्या तांदलाचे पैसे पुढच्या हंगामात मजुरीतनं कापलेले, ते तू इसरलास."

"म्हनून काय झालं. वेळेला दिले ना."

"आनि आता कुनाच्या वेळेला काय देतात ते बघ. विठूचा गाळा जायचा हाय की राहायचा हाय?"

विठू हा बाजारातला भाजीवाला. तो गाव सोडून मुलाकडे चालला होता आणि आपला गाळा, तराजू-वजनांसकट, धर्माला द्यायला राजी होता. सहाशे म्हणत होता, श्रावणापर्यंत थांबतो म्हणाला होता. बसून करायचं काम. धर्माच्या पायांना तेवढंच एक जमण्यासारखं होतं. ते हुकलं तर पुढे काय, हेही धर्मानं ठरवून ठेवलं होतं, आणि त्याचीच रंभाबायला धडकी भरली होती.

"न्हाय मिलालं तर दसऱ्याला जातो परत आगरात," तो म्हणाला. "भावजयच्या ताटात बसून खानार न्हाय मी."

"पाय कापतील तुझा."

"एक राहील की."

रंभाबाय उठली. तिनं स्वयंपाकघरातून परात आणली, त्यात गरम पाणी ओतलं, आणि धर्मासमोर बसून त्याच्या डाव्या पायाचं फडकं सोडलं. ती असलं काम कधी करत नसे. दिराच्या पायाला तर तिनं आयुष्यात हात लावला नव्हता. धर्मा पाय मागे ओढायला लागला, तेव्हा तिनं घोट्याला घट्ट धरलं. जखम उघडी पडली. आतलं लालभडक मांस, कडेला पांढरं. सुगंधानं दारातूनच तोंड फिरवलं.

"ह्ये बघ," रंभाबाय म्हणाली. "मी ओरडत न्हाय. फक्त बघ तू ह्याच्याकडे. तुझ्या मालकानं ह्याच्याकडे बघून तो कागद लिवला का?"

धर्मानं वाकून पाहिलं. मग म्हणाला, "अंगठा मला द्यायचाय ना?"

"तुलाच. माझा चालत असता तर तुला इचारलं असतं का मी?"

"मंग उद्या कितीची एस्टी हाय?"

*

टांग्यानं काशीमिऱ्यापर्यंत, तिथून घोडबंदरच्या रस्त्यानं एस्टी. धर्मा, रंभाबाय आणि महिपत. गायमुखाच्या चढाला एस्टीचं इंजिन तापलं आणि ड्रायव्हरनं गाडी थांबवली. कंडक्टर पाण्याचा डबा घेऊन खाली उतरला. पाऊण तास झाला तरी येईना. महिपत सारखं घड्याळ बघत होता. शनिवार, कचेरी दुपारीच बंद.

रंभाबाय खाली उतरली. रस्त्यानं ठाण्याकडे चाललेला विटांचा ट्रक तिनं हात करून अडवला. ड्रायव्हर भय्या होता. तिनं आपल्या हिंदीत त्याला काय सांगितलं ते महिपतला नीट कळलं नाही, पण त्यात 'पाँव' आणि 'साहेब' आणि 'तुम्हारी माँ' हे शब्द होते, आणि ड्रायव्हरनं मुकाट्यानं तिघांना पुढच्या केबिनमध्ये घेतलं.

"काय सांगितलंत त्याला?"

"म्हटलं, तुझी आई अशी रस्त्यावर उभी असती तर तू काय केलं असतंस."

कचेरीत कारकून टेबल आवरायला लागला होता. त्यानं अर्ज घेतला, प्रती मोजल्या, जोडलेलं पत्र उचललं आणि नाकाजवळ नेलं.

"याला वास कसला येतोय?"

"उदबत्तीचा," रंभाबाय म्हणाली.

कारकुनानं तिच्याकडे पाहिलं, मग पत्राकडे. विचारण्यात अर्थ नाही असं त्यानं ठरवलं असावं. "अर्जदार कोण? अंगठा इथे. इथे पण." शाईचं पॅड त्यानं पुढे केलं. धर्मानं अंगठा दाबला. शिक्का बसला. तारीख पडली. महिपतनं आपल्या प्रतीवर तोच शिक्का मारून घेतला आणि जिन्यात आल्यावर रंभाबायच्या पाया पडला. ती म्हणाली, "ह्या अंगठेबहाद्दराच्या पड. मी फक्त ट्रक थांबवला."

*

दोन्ही बाजूंना नोटिशी निघाल्या. सुनावणीची तारीख आषाढात लागली.

शेठ स्वतः आला नाही. त्यानं अधिकारपत्र देऊन लवू मुनीमला पाठवलं. लवू इस्त्रीच्या धोतरात, काखेत कापडी बासनात गुंडाळलेले हजेरीचे मस्टर. कचेरीच्या व्हरांड्यात त्यानं धर्माला गाठलं. रंभाबायकडे पाठ करून तो गोड बोलायला लागला.

"धर्मा, तू शहाणा माणूस. शेठ म्हणाले, दोनशे रुपये घे, अर्ज मागे घे. दसऱ्याला ये, तुला पाण्यात उतरवणार नाही. आगराची राखण कर."

धर्माच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते रंभाबाय बघत होती. तिला त्या मिनिटाला त्याला ढकलून पुढे व्हायचं होतं, दोनशे रुपये लवूच्या तोंडावर मारायचे होते. पण महिपतनं तिचा दंड धरला. "अर्ज त्याचा आहे काकू. त्यालाच बोलू द्या."

"मुनीमजी," धर्मा म्हणाला, "शेठला सांगा, मी त्यांच्यावर राग धरलेला न्हाय. पन द्यायचं ते आत साहेबांसमोर द्या."

लवूनं बासन दुसऱ्या काखेत घेतलं.

आत एक लांब टेबल, त्यामागे साहेब. पन्नाशीचे, चष्मा, सर्दी झालेली. रंभाबायला मागच्या बाकावर बसायला सांगितलं आणि बजावलं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. तिनं तोंडात पदराचं टोक धरलं.

लवूनं सुरुवात जोरात केली. मिठागर हा कारखानाच नाही, मग हा कायदा लागतो कसा, असं त्याचं म्हणणं.

"माणसं किती कामाला?" साहेबांनी विचारलं.

"पन्नासेक."

"पाणी खेचायला इंजिन आहे?"

"आहे."

"मग कारखाना झाला. मिठागर त्यात येतं, हा वाद वरच्या कोर्टात कधीच मिटलाय. पुढे बोला."

पुढे लवू म्हणाला, धर्मानं हंगामाच्या मध्यात काम टाकलं, दोन कोंड्यांचं, म्हणजे दोन वाफे भरून मीठ वाया गेलं, नुकसान झालं.

"म्हणून तुम्ही त्याला काढून टाकलंत?"

"नाही साहेब, तो स्वतः गेला."

"नुकसानीपोटी ग्रॅच्युइटी कापायची तर त्यासाठी नोकरीतून काढलेलं असावं लागतं. राजीनामा दिलेल्याची कापता येत नाही."

रंभाबायनं पदर जास्तच घट्ट चावला. लवूचा आवाज एक पट्टी खाली आला, पण त्याच्याकडे अजून एक पत्ता होता. "साहेब, हा हंगामी माणूस. जेठ लागला की घरी. दसऱ्याला नवीन भरती. मग सलग नोकरी कुठली?"

साहेबांनी अर्जाला जोडलेलं पत्र उचललं. कुंकवाचा ठिपका बघून त्यांनी चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचलं. "'गेले सोळा हंगाम एकही न चुकवता.' हे तुम्हीच लिहिलंत ना?"

"ती लिहायची पद्धत असते साहेब," लवू म्हणाला. "भाषा जरा भारदस्त लागते."

"भारदस्त भाषेत तुम्ही सगळं कबूल केलंय." साहेबांना शिंक आली. "हंगामी कामगाराला, त्या हंगामात आगर जितके दिवस चाललं त्याच्या पाऊणपट दिवस तरी तो कामावर असेल, तर तो हंगाम पुरा धरतात. मस्टर आणलेत?"

"गेल्या तीन हंगामांचे आहेत. आधीचे वाळवीनं खाल्ले."

"मग आधीचं यालाच विचारावं लागेल." साहेब धर्माकडे वळले. "धर्माजी, खरं सांगा. कुठल्या हंगामात तुमचे बरेच खाडे झाले?"

महिपतनं धर्माकडे बघून डोळे मोठे केले. रंभाबाय बाकाच्या कडेला सरकली. 'न्हाय' म्हण, एकच शब्द, 'न्हाय'.

"झाले साहेब," धर्मा म्हणाला. "दोन सालांमागं. माझी बायको आजारी व्हती. आगराचे लोक येऊन बोलवत व्हते, पन मी गेलो न्हाय. ती जाईपर्यंत मी तिच्यापाशीच व्हतो. पुढं तेरावं होईपर्यंत. दीड महिना झाला असंल."

लवू उभाच राहिला. "बघा साहेब, स्वतःच कबूल करतो. तो हंगाम गेला. सलग उरलंच नाही काही."

रंभाबायच्या तोंडातून पदर सुटला. तिला स्वतःचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटत होतं. सोळा हंगामांच्या माळेतला मधला मणी या माणसानं स्वतःच्या हातानं काढून टेबलावर ठेवला होता.

"बसा," साहेब लवूला म्हणाले. "तो हंगाम तुमच्या या मस्टरांत आहे?"

"आहे."

"काढा."

कारकून पुढे आला. मस्टर उघडलं. आगर त्या हंगामात किती दिवस चाललं ते आधी मोजलं. एकशे शहाण्णव. पाऊण म्हणजे एकशे सत्तेचाळीस. मग धर्माच्या नावासमोरच्या हजेरीच्या खुणा. कारकून पेन्सिलीचं टोक ठेवत एकेक मोजत होता, ओठ हलवत होता. पौषाचं पान संपलं, माघाचं संपलं. फाल्गुनात नुसते खाडेच. त्या पानावर पेन्सिल भराभर खाली सरकली. लवू मान वाकवून बघत होता, महिपत दुसऱ्या बाजूनं. चैत्राच्या पानाला खुणा पुन्हा सुरू झाल्या. वैशाख. रंभाबायला काही दिसत नव्हतं, तिला नुसती पेन्सिल टेकल्याचा टकटक आवाज ऐकू येत होता, आणि तो थांबू नये एवढंच तिला वाटत होतं.

थांबला.

"एकशे एक्कावन्न," कारकून म्हणाला.

"परत मोजा," लवू म्हणाला.

परत मोजलं. एकशे एक्कावन्न.

साहेबांनी पेन उघडलं. "मुनीमजी, ज्या एका हंगामात याचे खाडे झाले तो यानं न लपवता पुढे केला. मस्टर नसलेल्या हंगामांबद्दल मी याचा शब्द धरतो, आणि तुमचं पत्रही तेच म्हणतंय. सोळा हंगाम. हंगामाला सात दिवसांची मजुरी, रोजची सहा रुपये. सहाशे बहात्तर. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत द्यायचे. उशीर केलात तर वसुली कलेक्टरमार्फत होईल आणि वर व्याज पडेल."

"म्हणजे कायदा यायच्या आधीचे हंगाम पण?" लवू अजून धरून होता.

"ते पण. माणूस तोच होता ना?"

लवूनं मस्टर बासनात बांधायला घेतले. गाठ काही त्याच्याकडून नीट बसेना.

*

बाहेर जिन्याच्या पहिल्या पायरीवर धर्मा बसला, पायांत रग होती म्हणून. महिपत खाली पानाच्या टपरीकडे धावला, फोन करायला की पेढे आणायला हे त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. रंभाबाय दिराच्या शेजारी बसली. जिन्यात लोकांची ये-जा होती, ते दोघांना वळसा घालून जात होते.

"वैनी, रागावलीस?" धर्मा म्हणाला. "त्या खाड्याचं बोललो म्हनून."

"रागावले. माझा जीव मानेत आलेला. पाच-सहा खाडे आनखी असते तर?"

"मंग नसतं मिलालं. पन ती मरायला पडलेली. मी तिच्यापाशी नव्हतो, कामावर व्हतो, असं कसं सांगायचं साहेबाला?"

रंभाबायनं त्याच्या पायाचं सैल झालेलं फडकं नीट गुंडाळलं. मग जिन्यात उभ्या असलेल्या, मोठ्या साहेबासारख्या दिसणाऱ्या एका माणसाला बाजूला व्हायला सांगून ती उठली, कमरेवर हात ठेवला, आणि खालच्या टपरीवरच्या महिपतलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"धर्मा, तू येडा हायस. ह्ये मी काल पन म्हटलं, उद्या पन म्हननार, तुझा गाळा चालू झाला तरी गिऱ्हाइकांसमोर म्हननार. पन तू भित्रा न्हायस. ऊठ आता, खांद्याला धर माझ्या."